दोन क्विंटल डाळीची 193 पाकिटं, मग सात किलो गेली कुठं?

"नमस्कार ताई, मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून घरी डाळ पॅकिंग चालू केलंय. लक्ष्मीपुरीतनं तूरडाळ आणली 2 क्विंटल, 11,000 भावानं, 50 किलोचे 4 कट्टे. टेंपो आणि हमाली धरून 240 गेले. पिशवी 1 रुपया 30 पैसे आणि स्टिकर 90 पैसे, दोन्ही 210 नग आणले, सगळे संपले. किलोचं पाकीट ओळखीच्यांना घरोघरी 125 ला दिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला 118 नं 60 पाकिटं दिली. वाटलं होतं किलोमागं 15 सुटतात, पिशवी-स्टिकरचे 2 गेले तरी 2,600 राहतील. पण पाकिटं झाली 193 आणि पाच आठवड्यांत सगळं विकून हातात हजारभर रुपये. चाळून 2 किलो कणी-भुसा निघाला, सांडलेली झाडून मोजली ती किलोभर. जाऊ म्हणते व्यापारी मापात मारतोय, नवरा म्हणतो तुम्हीच फार सांडताय. आमचं माप तर कधी कमी नसतं, मैत्रिणीनं तिच्या काट्यावर पाकीट ठेवलं तर 1 किलो 21 ग्रॅम भरलं. आता व्यापारी म्हणतोय 10 क्विंटल उचला, क्विंटलला 100 कमी लावतो. उचलू का बंद करू? नाव छापू नका, दुकानदार ओळखीचा आहे."

अहो ताई, पहिली गोष्ट, तुमची वही चांगली आहे. तुम्ही दिलेले आकडे मी मांडून बघितले तर बरोबर 1,003 रुपये उरतात, म्हणजे पैसे कुणी खाल्लेले नाहीत, ते हिशोबातच गेलेत, फक्त कुठल्या भोकातनं गेले ते दिसत नाही. ठरवलेल्या 2,600 मधनं 1,597 कमी पडले. त्यातले 875 हे कमी झालेल्या 7 पाकिटांचे, 420 दुकानाला 7 रुपये कमी लावले त्याचे, 240 टेंपो-हमालीचे जे तुम्ही आधी धरलेच नव्हते, आणि 62 रुपये पिशव्या-स्टिकरचे, कारण तुम्ही 2 रुपयांनी 200 धरले आणि प्रत्यक्षात 2 रुपये 20 पैशांनी 210 गेले. झाले की नाही 1,597.

आता घरातलं भांडण मिटवू. तुमच्या मालकांना सांगा, सांडलं ते किलोभर, म्हणजे एक पाकीट, म्हणजे 125 रुपये. सांडू नये हे खरं, पण 1,597 मधले 125. जावेला सांगा की व्यापाऱ्याकडं नंतर येऊ, आधी आपल्या हातानं किती दिलं ते बघू. कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महाग वाक्य वाटलं ते तुम्ही अभिमानानं लिहिलंय, 1 किलो 21 ग्रॅम.

रिकामी पिशवी आणि स्टिकर मिळून साधारण 6 ग्रॅम भरतात, तुमच्या पिशवीचं मायक्रॉन किती आहे त्यावर एखाद ग्रॅम इकडंतिकडं. म्हणजे आत डाळ गेली 1 किलो 15 ग्रॅम. सगळी पाकिटं अशीच भरली असतील, आणि मला वाटतंय भरली असतील कारण हात एकदा बसला की तसाच चालतो, तर 193 गुणिले 15 म्हणजे जवळजवळ 2 किलो 900 ग्रॅम डाळ तुम्ही फुकट दिली. सांडलेल्याच्या तिप्पट. पैशात 360 च्या आसपास. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला ते कळलंही नाही, कळलं असतं तर निदान नाव तरी झालं असतं. घरी डाळ डब्यात ओतताना कोण मोजतंय 15 ग्रॅम? मैत्रिणीनं काट्यावर ठेवलं म्हणून कळलं.

हे का होतं ते मला माहिती आहे कारण मी पण ते केलंय. आपल्याकडं असतो तो 30 किलोचा दुकानातला काटा, तो 5-5 ग्रॅमनी उड्या मारतो. 995 दाखवतो, मग एक चमचा टाकला की 1.005. आपल्याला भीती, कमी नको जायला, म्हणून अजून एक चमचा, 1.010, अजून थोडी, आता बरं वाटलं. आणि त्यात पंखा चालू असला तर आकडा थरथरतो, मग अजून जरा. मी दोन महिने असंच भरत होते आणि डाळ कमी येते म्हणून बिचाऱ्या हमालाला बोलत होते.

यावर उपाय सोपा आहे. पॅकिंगसाठी 1 किंवा 2 ग्रॅमनं मोजणारा 5-10 किलोचा वेगळा काटा घ्या, आणि तो वजनमापे खात्याचा शिक्का मारलेलाच घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर वर्षी करून घ्यावं लागतं. काटा घरातल्या हलणाऱ्या टीपॉयवर नको, कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवा आणि भरताना पंखा बंद, कितीही उकडूदे. रिकामी पिशवी काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं, मग मोठ्या मापानं एका दमात 950 च्या आसपास ओतायची आणि उरलेली चमच्यानं. चमच्याचं काम एकीनं, ओतायचं काम दुसरीनं, दोन्ही एकीनं केलं की घाई होते आणि आकडा पुढं पळतो. 1 किलो 3 ग्रॅमवर थांबायचं. वर 10 झालं तर चमच्यानं काढायचं, "जाऊदे" म्हणायचं नाही, तुमचे तीन किलो त्या जाऊदेतच गेलेत.

आणि नवीन काटा घेईपर्यंत एक युक्ती सांगते. दर 50 पाकिटांमागं कुठलीही 10 उचला आणि ती दहा एकदम मोठ्या काट्यावर ठेवा. पिशव्या धरून दहाचं वजन 10 किलो 60 च्या खाली नको आणि 10 किलो 90 च्या वर नको. काटा 5 ग्रॅमचाच असला तरी दहा पाकिटांवर वाटला की ती चूक अर्ध्या ग्रॅमची होते, त्यामुळं जुन्या काट्यावर पण सरासरी नीट कळते. 10 किलो 210 आलं तर समजायचं हात परत सैल झाला.

कमी भरा असं मी म्हणत नाहीये हं, ते नीट ऐका. पॅकबंद मालाच्या नियमात किलोच्या पाकिटाला 15 ग्रॅमपर्यंत कमीची सूट आहे, पण ती एखाद्या पाकिटाला, चुकून झालेल्याला. सगळ्या पाकिटांची सरासरी 1 किलोच्या खाली गेली की पकडतात, आणि ते बरोबरच आहे. पिशवीसकट 1 किलो भरणारे पण लोक आहेत, आत 994 जाते आणि त्यांना वाटतं आपण बरोबर आहोत. तुम्ही उलट्या बाजूला चुकलाय इतकंच.

आता चाळणीचं. 2 क्विंटलला 2 किलो कणी-भुसा म्हणजे एक टक्का, हे फार नाही, माल बरा होता. ही घट तुम्ही कितीही नीट वागलात तरी राहणार, कट्टा खालीवर होताना डाळ डाळीवर घासते आणि तळाला पावडर बसते, चौथ्या कट्ट्याच्या तळाला बघा पहिल्या परातीपेक्षा जास्त निघेल. त्यामुळं ही घट आधीच किमतीत धरायची, नंतर दुःख करायचं नाही. बारीक पावडर आणि टरफलं वेगळी, तुटकी डाळ वेगळी ठेवा. तुटकी डाळ घरात आमटीला चालते, वड्याच्या पिठाला चालते, आणि चुणी-भुसा म्हशीवाल्याला द्या, आपल्या कोल्हापुरात म्हशीवाला शोधायला लांब जावं लागत नाही. पैसे फार येणार नाहीत, 2 किलोला 40-50 आले तरी ते टेंपोच्या भाड्यात जमा करा. सांडलेली तुम्ही काय केली ते लिहिलं नाही, पण फरशीवरची झाडून पाकिटात घालू नका एवढंच सांगते.

कोण म्हणेल सॉर्टेक्स मारलेली, म्हणजे मशीननं निवडलेली स्वच्छ डाळच घ्या. घ्या की, पण हिशोब करून. समजा ती क्विंटलला 150 महाग पडली तर दोन क्विंटलला 300, आणि वाचणारी कणी 2 किलो म्हणजे फार तर 250. नुसत्या पैशात परवडत नाही, पण तुमचं चाळणं-निवडणं वाचतं. दोघींचे मिळून चार-पाच तास चाळण्यात गेले असतील तर 50 रुपयांत ते तास विकत मिळाले, मी तर घेईन. फरक 150 च्या ऐवजी 300 सांगत असतील तर मात्र चाळणीच बरी.

सात किलोतले आता 5 किलो 900 सापडले, जास्तीचं माप, कणी आणि सांडलेलं. राहिले 1 किलो 100. यातला थोडा भाग कट्ट्याचाच आहे. कट्टा पोत्यासकट 50 भरतो का आत निव्वळ 50 असते हे विचारलंय का कधी? प्लॅस्टिकचं पोतं साधारण 100 ग्रॅमचं, चार कट्ट्यांचे 400 ग्रॅम. तागाचं बारदान असलं तर एकेकाला अर्ध्या किलोच्या वर जाऊ शकतं, मग तो वाद घालण्याजोगा विषय आहे. पुढच्या वेळी दुकानातच कट्टा न उघडता काट्यावर ठेवायला सांगा आणि वजन बिलाच्या मागं लिहून घ्या, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही, सगळे व्यापारी ठेवतात. जावेचा संशय तिथंच मिटेल, नाहीतर खरा ठरेल. आणि उरलेले 700 ग्रॅम, ताई, खरं सांगा, पाच आठवड्यांत घरात वरणाला डाळ कुठली शिजत होती? रागवू नका, सगळ्यांच्या घरात हेच होतं. घरी न्या, पण वहीत "घरी 1 पाकीट" लिहा आणि डबा भरताना त्याचे पैसे गल्ल्यात टाका.

सांडण्यावर थोडं. सांडते ती दोन ठिकाणी, पिशवीच्या तोंडाशी आणि नंतर सील उघडून. तोंडाशी सांडते त्याला खाली मोठी परात आणि परातीखाली धुतलेली चादर, जे पडेल ते स्वच्छ कापडावर पडलं की ते वाया गेलंच नाही, परत ओता. पाण्याचा 5 लिटरचा नवा कॅन कापून नरसाळं करा, तोंड रुंद ठेवा, अरुंद नरसाळ्यात डाळ अडकते आणि मग हलवताना उडते.

सील उघडणं हे जास्त वाईट कारण ते गिऱ्हाइकाच्या दारात कळतं. मी एकदा कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबवली तर मागनं एक मुलगा ओरडला, काकू डाळ पडतीय. डिकीतली आणि पुढं पायाशी ठेवलेली मिळून नऊ पाकिटांची सीलं सुटलेली. कारण अगदी फालतू होतं. ओतताना डाळीची पावडर पिशवीच्या आतल्या तोंडाला चिकटते, त्यावर सील मारलं की प्लॅस्टिकला प्लॅस्टिक धरतच नाही, वरनं मात्र छान रेघ दिसते. म्हणून सील मारायच्या आधी तोंड आतनं कोरड्या फडक्यानं एकदा पुसायचं, डाळीच्या वर तीन बोटं जागा सोडायची, आणि हवा हातानं दाबून काढायची, फुगलेलं पाकीट दुसऱ्याच्या वजनाखाली फुटतं. मशीनची उष्णता प्रत्येक नवीन पिशवीच्या गठ्ठ्याला दोन-तीन रिकाम्या तुकड्यांवर बघून लावा, कमी असली तर सील सोलून निघतं, जास्त असली तर कडेनं कापलं जातं. आणि वरची ती तपकिरी टेफ्लॉनची पट्टी जळून काळी झाली की बदला. सील मारलं की प्रत्येक पाकीट आडवं ठेवून तळहातानं दाबायचं, पावडर फुस्सकन बाहेर आली तर ते परत. तुमच्या 210 पिशव्यांत 193 पाकिटं, म्हणजे 17 पिशव्या आणि 17 स्टिकर वाया गेले, ते बहुतेक इथंच. स्टिकर सील झाल्यावर लावला असता तर निदान स्टिकर वाचला असता, टेअर रिकाम्या पिशवीवर झालेलं असतं म्हणून आतल्या डाळीच्या वजनात त्यानं फरक पडत नाही, मी तरी नंतरच लावते.

तर हे झालं सात किलोचं. पण आता मी जे सांगणार आहे ते त्याच्यापेक्षा मोठं आहे आणि ते डाळीत नाही, भागाकारात आहे.

तुम्ही म्हणता किलोला 110 ची खरेदी, 125 ची विक्री, 15 सुटतात. ही 110 रुपये किलो डाळ कट्ट्यातली आहे. तुम्ही कट्ट्यातली डाळ विकत नाही, पाकीट विकता. पाकिटाची किंमत काढायची तर खर्च सगळा एकत्र करायचा, 22,000 डाळीचे, 240 टेंपोचे, 462 पिशवी-स्टिकरचे, झाले 22,702, आणि त्याला 200 नं नाही भागायचं, जी विकायला तयार झाली त्या 193 नं भागायचं. येतात 117 रुपये 63 पैसे.

आता दुकानाचं बघा. 118 ला दिलं, पडलं 117.63 ला. एका पाकिटामागं 37 पैसे. साठ पाकिटांत तुम्ही कमावले 22 रुपये. भरली, सील मारली, दुकानापर्यंत पिशवीतनं नेली, आणि एका चहा-बटाटेवड्याचे पण पूर्ण पैसे नाहीत आले. तुमचे जे हजार रुपये आहेत ते जवळजवळ सगळे घरोघरी दिलेल्या 133 पाकिटांनी दिलेत. आणि दुकानदारानं पैसे पंधरा दिवसांनी दिले असतील तर ते 22 पण मी धरणार नाही.

"दुकानाला कमी सुटतं पण माल जास्त जातो" हे आपण सगळेच म्हणतो. पण किती कमी सुटतं हे पैशात काढल्याशिवाय ते वाक्य म्हणायचं नाही, 37 पैशांनी हजार पाकिटं गेली तरी 370 रुपये. यात तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही. 193 पाकिटं भरून सील मारायला पाकिटामागं दोन मिनिटं धरली तर साडेसहा तास, वर चाळण्याचे पाच, म्हणजे बारा तासांच्या आसपास. हजाराला बारा तास म्हणजे तासाला 80-85, घरोघरी फिरण्याचा वेळ आणि पेट्रोल सोडून. दोघींत वाटून घेतात ते तुम्हीच बघा.

आता पुढच्या खेपेला तुम्ही माप 3 ग्रॅमवर आणलं, सांडलेलं कापडावर धरलं, घरचं पाकीट पैसे टाकून घेतलं तर काय होईल? 200 मधनं पोत्यांचे 400 ग्रॅम, कणी 2 किलो, मापातले 600 ग्रॅम, खरंच वाया गेलेलं 300 ग्रॅम, उरतात 196 पाकिटं आणि थोडी वरची. पिशव्या 200 तच भागवल्या तर एकूण खर्च 22,680, पाकीट पडलं 115 रुपये 70 पैशांना. दुकानाला तेच 60 आणि बाकी 136 घरोघरी त्याच भावानं दिली तर हातात 1,400. म्हणजे मापाची आणि सांडण्याची सगळी शिस्त लावून मिळाले 400 रुपये जास्त. ते घ्याच, फुकटचे आहेत, पण 2,600 तरी होत नाहीत. ते होणारच नव्हते, तो आकडाच 200 पाकिटांचा आणि सगळी 125 ला विकल्याचा होता.

मग दुकानदाराशी काय बोलायचं. ओळखीचा आहे म्हणून अवघड वाटतंय, पण ओळखीचाच आहे म्हणून बोलता येईल. त्याला सरळ सांगा की 118 परवडत नाही, 121 लावते. 125 एमआरपीवर त्याला 4 रुपये राहतात. तो म्हणेल बाकीच्या कंपन्या जास्त देतात, देत असतील, त्यांची डाळ गाडीभरून येते. तो 121 ला तयार झाला तर पुढच्या खेपेच्या हिशोबानं पाकिटामागं पाच रुपयांच्या वर सुटतात, मग दुकान ठेवण्यात अर्थ आहे. नाही झाला तर रागवायचं नाही, पण 60 च्या ऐवजी त्याला 15-20 द्यायची, गल्लीत नाव दिसण्यापुरती, आणि उरलेली दाराला जातील तेवढीच भरायची. एमआरपी 128 करायची असेल तर आधी आजूबाजूच्या दोन-तीन दुकानांत याच प्रतीच्या सुट्या डाळीचा भाव विचारून या, सुटी 120 ला मिळत असेल तर पाकिटाला 128 कोण देईल सांगता येत नाही.

आणि 10 क्विंटल. क्विंटलला 100 कमी म्हणजे किलोला एक रुपया, दहा क्विंटलला हजार रुपये, ऐकायला गोड आहे. पण तुम्हाला 193 पाकिटं संपवायला पाच आठवडे लागले. दहा क्विंटलची साडेनऊशेच्या वर पाकिटं याच वेगानं जायला सहा महिने. तेवढ्यात 1,09,000 रुपये कट्ट्यांत अडकले, पावसाळा मध्ये आला तर आपल्याकडची ती चार महिन्यांची ओल, भिंतीला टेकलेला कट्टा खालनं दमट होतो आणि मग पाखरं-किडे, आणि नवीन तूर डिसेंबर-जानेवारीला बाजारात यायला लागली की भाव हलतो. भाव क्विंटलला 500 नं उतरला आणि तुमच्याकडं अजून पाच क्विंटल पडून असली तर 2,500 चा माल कमी झाला, वाचवलेल्या हजारासाठी. भाव चढू पण शकतो, पण तो खेळ व्यापाऱ्याचा, त्याचं गोडाऊन त्यासाठीच आहे. तो 100 कमी करतोय कारण त्याला माल हलवायचाय, यात त्याचं काही चुकत नाही.

मी असते तर त्याला म्हटलं असतं, एकदम दहा नको, दर पाच आठवड्यांनी 2 क्विंटल नेते, पाच खेपा नक्की, त्यात क्विंटलला 50 कमी लाव आणि वजन पोतं सोडून दे. बरेच व्यापारी याला हो म्हणतात, कारण त्यांना पण ठरलेलं गिऱ्हाईक हवं असतं. पाच आठवड्यांत 2 क्विंटल खपत नसेल तर मात्र आधी खप बघा, भाव नंतर.

स्टिकरवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआय नंबर आणि हिरवा ठिपका हे सगळं आहे ना बघून घ्या, आणि पॅकर म्हणून वजनमापे खात्याकडं नोंदणी लागते ती केली नसेल तर करा, 90 दिवसांची मुदत असते. जीएसटीचं एक लक्षात ठेवा, 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के लागतो, तुमच्या 50 किलोच्या कट्ट्यावर लागत नाही. वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असली आणि राज्यातच विकत असाल तर तुम्हाला नंबर घ्यावा लागत नाही, पण नणंद निपाणीला आहे म्हणून तिच्या दुकानाला 50 पाकिटं पाठवली की ती दुसऱ्या राज्यातली विक्री झाली, तिथं ही मर्यादा चालत नाही. आणि नंबर घेतल्यावर त्याच 125 मधनं जवळजवळ 6 रुपये कराचे जातात, खरेदीच्या डाळीवर कर भरलेलाच नसतो त्यामुळं वळता करायला पिशव्या-स्टिकरच्या करापलीकडं काही नाही. तुमच्याकडं आत्ता दाराच्या पाकिटाला 7 रुपये सुटतात. तेव्हा निपाणीला पाठवायच्या आधी अकौंटंटला एकदा विचारा, त्याची फी त्या 50 पाकिटांपेक्षा कमी असेल.